अर्धवट सोडलेल्या कार्टसाठी तीन ईमेल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावातून आम्ही करवती काठाच्या टसर साड्या ऑनलाइन विकतो. साडी निवडून कार्टमध्ये टाकायची, पत्ता आणि ईमेल भरायचा आणि पैसे भरण्याच्या पानावरून निघून जायचे, असे करणारे ग्राहक आमच्याकडे पहिल्यापासूनच बरेच होते. त्यांच्यासाठी गेल्या नोव्हेंबरमध्ये मी तीन ईमेलांची मालिका लिहिली. आज तिच्यातले एकही ईमेल मूळ रूपात उरलेले नाही.

पहिले ईमेल कार्ट सोडल्यानंतर एका तासाने जावे, असा सल्ला सगळीकडे मिळतो आणि मीही तसेच ठेवले होते. आमच्या ग्राहकांना ते मानवले नाही. सात-आठ हजारांची साडी आमच्याकडे कोणी एकट्याने ठरवत नाही; दुपारी फोटो पाहिलेला असतो, संध्याकाळी तो बहिणीला किंवा सासूबाईंना दाखवायचा असतो, आणि मध्ये नेटवर्क गेले तर पान तसेच राहून जाते. अशा वेळी तासाभरात आलेले ईमेल पाळतीवर असल्यासारखे वाटते, असे एका ग्राहक बाईंनी मला स्पष्ट शब्दांत कळवले. आता ते चार तासांनी जाते, आणि रात्री नऊनंतरची वेळ येत असेल तर सकाळी आठपर्यंत थांबते. त्यात साडीचा फोटो, किंमत आणि कार्टचा दुवा एवढेच असते. विषयाची ओळ आहे, ‘तुमची निवड जपून ठेवली आहे’. ‘काही विसरलात का?’ ही ओळ मी काढून टाकली, कारण बहुतेक जण विसरलेले नसतात, विचार करत असतात. मोबाईलवर लांब ओळ मध्येच तुटते, म्हणून ती चार-पाच शब्दांपलीकडे जाऊ देत नाही.

मायन्यातही दोन चुका झाल्या. ज्यांनी नाव भरलेले नव्हते त्यांना ‘नमस्कार ,’ असा रिकामा मायना गेला, आणि बाकीच्यांना मी लावलेले ‘ताई’ हे संबोधन पत्नीसाठी साडी घेणाऱ्या एका शिक्षकांनाही गेले. आता नुसते ‘नमस्कार’ असते आणि पुढे सर्वत्र ‘आपण’.

या मालिकेत खरा जीव आहे तो दुसऱ्या ईमेलात, आणि ते मला एका ग्राहकाने शिकवले. वर्ध्याच्या एका बाईंनी ७,२०० रुपयांची, नैसर्गिक टसर रंगाची आणि लाल करवती काठाची साडी दोनदा कार्टमध्ये टाकून सोडली होती. त्या वेळच्या दुसऱ्या ईमेलात मी साडीचे गुणगान केले होते: तीन धोट्यांनी विणलेला काठ, करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, हाताने काढलेले सूत. त्यांचे उत्तर दोन वाक्यांचे होते. ‘हे सगळे ठाऊक आहे. फोटोत अंग मधाळ दिसते, उन्हात ते मळकट तर दिसणार नाही ना?’ मी ती साडी अंगणात, सकाळच्या उन्हात बाजेवर पसरली, एक फोटो उन्हातला आणि एक पडवीतल्या सावलीतला काढून पाठवला, आणि टसरचा रंग कोशागणिक थोडा बदलतो, म्हणून कापडात फिकट-गडद पट्टे दिसतील, हेही लिहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी साडी मागवली.

त्यानंतर दुसरे ईमेल मी गुणवर्णनाऐवजी शंकानिरसनासाठी लिहिले. ते पहिल्यानंतर एका दिवसाने जाते आणि त्यात प्रत्येक साडीचा उन्हातला फोटो असतो. ब्लाउजपीस धरून साडीची एकूण लांबी किती आणि त्यात ब्लाउजपीस किती, फॉल-पिको करून मिळेल का, पहिली धुलाई ड्रायक्लीनच का करावी आणि रंग पसंत न पडल्यास साडी किती दिवसांत परत घेऊ, हे त्यात साध्या वाक्यांत सांगितले आहे. शेवटी एकच प्रश्न आहे: ‘आपले कशामुळे थांबले आहे, हे या ईमेलाला उत्तर देऊन कळवाल का?’ हे ईमेल उत्तर न स्वीकारणाऱ्या पत्त्यावरून पाठवू नये. ते माझ्या रोजच्या पत्त्यावरूनच जाते. त्याचा उपयोग होतो की नाही, हे मी किती जणांनी ते उघडले यावरून ठरवत नाही, कारण काही फोनांमध्ये ईमेल वाचले नाही तरी उघडल्याची नोंद होते. आलेली उत्तरे आणि झालेल्या ऑर्डरी, एवढेच मी मोजतो.

तिसऱ्या ईमेलात सुरुवातीला मी दहा टक्के सूट दिली होती आणि ती मला महागात पडली. दोन महिन्यांतच जुने ग्राहक साडी कार्टमध्ये टाकून चार दिवस स्वस्थ बसू लागले. त्यांना दोष कसा देणार? ती सवय मीच लावली होती. शिवाय पहिल्याच दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्यांवर तो अन्याय होता, म्हणून सूट बंद केली. ‘शेवटचे काही तास’ असे उलटे मोजणारे घड्याळ तर मी कधीच लावले नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला भुलवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि त्यांत मोडणाऱ्या १३ प्रकारांत खोटी घाई निर्माण करणे आणि नकार देणाऱ्याला लाजवणे हेही आहेत. ‘नको, मला चांगल्या साड्या आवडत नाहीत’ असले बटण दुसऱ्या प्रकारात मोडते.

आता तिसरे ईमेल चौथ्या दिवशी जाते आणि त्याची पहिलीच ओळ आहे, ‘या साडीबद्दल आमचे हे शेवटचे ईमेल.’ हे वचन पाळावे लागते, म्हणून तीच साडी पुन्हा कार्टमध्ये आली तरी महिनाभर मालिका नव्याने सुरू होत नाही. साडी एकच नग असेल तर तसे लिहितो, चार असतील तर चार लिहितो. खाली, पुन्हा अशी स्मरणपत्रे नको असल्यास एका क्लिकमध्ये थांबवण्याची सोय आहे आणि तिची अक्षरे मी मुद्दाम बारीक केलेली नाहीत.

सर्वांत मोठी फजिती मात्र मजकुरात नव्हती. आमच्याकडील बरेच जण कार्ट तशीच सोडून फोन करतात आणि तोंडी ऑर्डर देतात. मालिकेला ते कळत नाही. गोंदियाच्या एका ग्राहकांना साडी घरी पोहोचली त्याच दिवशी ‘आपले कशामुळे थांबले आहे?’ असे ईमेल गेले. त्यांनी ते हसण्यावारी नेले, मला मात्र दिवसभर चुटपुट लागून राहिली. तसेच एकुलता एक नग दुसऱ्याने घेतल्यावरही त्याच साडीचे स्मरणपत्र एकदा गेले. आता प्रत्येक ईमेल सुटण्यापूर्वी ऑर्डर झाली आहे का आणि नग शिल्लक आहे का, या दोन अटी तपासल्या जातात. फोनवरच्या ऑर्डरी मी रोज संध्याकाळी हाताने नोंदवतो आणि ते नाव मालिकेतून काढतो. ज्यांनी फक्त मोबाईल क्रमांक दिलेला असतो त्यांच्यापर्यंत ही मालिका पोहोचतच नाही, आणि आमच्या भागात असे ग्राहक थोडेथोडके नाहीत.

या महिन्यात तिसऱ्या ईमेलात एक ओळ वाढवली आहे. धानाची रोवणी सुरू झाली की आमचे काही विणकर शेतावर जातात आणि त्यांचे माग थांबतात. त्यामुळे ‘हा नग गेल्यास असाच दुसरा रोवणी आटोपल्यावर विणला जाईल’ असे त्यात लिहिले आहे. माग पुन्हा सुरू झाले की ती ओळ काढायची, हे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.