२० बाय ३०चा फोटो : फोनचा पुरेल की कॅमेराच लागेल?

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून काढलेला मंदिराचा फोटो २० बाय ३० इंचांत छापून हॉलमध्ये लावायचा आहे, असं धरू. फाइल फोनची द्यावी की कॅमेऱ्याची?

आधी पिक्सेल मोजा. १२ मेगापिक्सेलचा फोन साधारण ४०३२ × ३०२४ पिक्सेलचा फोटो देतो. ४०३२ला ३०ने भागलं की इंचाला १३४ पिक्सेल येतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल ६००० × ४००० असते, म्हणजे इंचाला २००. स्टुडिओत ३०० मागतात, पण तो आकडा हातात धरून फूटभरावरून बघायच्या फोटोसाठी आहे. दोन फुटांवरून १४०च्या आसपास आणि सोफ्यावरून, पाच फुटांवरून, ६०सुद्धा डोळ्याला पुरतात. त्यामुळे भरदुपारी काढलेला फोनचा फोटो भिंतीवर चालतो.

अडचण आकाराच्या प्रमाणात आहे. फोनचा फोटो ४:३, तर २० बाय ३० हा ३:२. वरून-खालून मिळून ३३६ ओळी कापाव्या लागतात, आणि फ्रेम घट्ट असेल तर शिखराचा कळसच जातो. फोनच्या फोटोला १८ बाय २४ घ्यावा, असं आमचं मत. काही कापावं लागत नाही आणि इंचाला १६८ पिक्सेल मिळतात.

फोनमधला ५० मेगापिक्सेलचा पर्याय उन्हात थोडा जास्त बारकावा देतो. संध्याकाळनंतर मात्र एकेका पिक्सेलला प्रकाश कमी पडतो, म्हणून फोन एरवी चार पिक्सेल मिळून एक करतो, आणि रात्री तेच बरं. गड्डा यात्रेच्या दिवसांतली मंदिराची रोषणाई टिपायची असेल तर ट्रायपॉडवरचा कॅमेराच घ्या. रात्री कमी प्रकाशामुळे फोटोत येणारे दाणे फोन पुसायला जातो, त्यात दगडावरचं कोरीवकाम गुळगुळीत होतं आणि झाडांची पानं रंगाच्या डागांसारखी दिसतात. पिक्सेल पुरेसे असूनही प्रिंट बिघडते ती अशी. डिजिटल झूमही टाळा. दुप्पट झूममध्ये लांबीला खरे पिक्सेल बहुधा २०१६च उरतात.

सगळ्यात जास्त नुकसान फाइल पाठवताना होतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर लांबी १६००च्या आसपास येते, म्हणजे ३० इंचांवर इंचाला ५३. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. दुकानात कुणी फाइलमधला इंचाला ७२ पिक्सेलचा आकडा ३०० करून दिला तरी पिक्सेल तेवढेच राहतात, बारकावा वाढत नाही.

शंका असेल तर २० बाय ३०ला कापलेल्या फाइलमधून कोरीवकामाचा १६०८ × १०७२ पिक्सेलचा तुकडा काढून १२ बाय ८ इंचांत छापा. मोठ्या प्रिंटमध्ये तो भाग अगदी एवढाच दिसणार आहे. भिंतीला चिकटवून सोफ्यावरून बघा. तिथून खांबांच्या कडा स्वच्छ दिसल्या तर फोनचीच फाइल द्या.