१२० वस्तूंचा लाल डबा आणि कूलरचा पत्रा

फेब्रुवारीत आमच्या मानेवाड्याच्या सोसायटीत एक माणूस प्रथमोपचाराचे लाल डबे विकायला आला. गळ्यात ओळखपत्र होतं, बोलणं गोड. "काकू, १२० वस्तू आहेत, घरात एवढं असलं की दवाखान्यात पळायचं काम नाही," म्हणाला. डब्यातला रबरी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून "रक्त लगेच थांबतं" असंही त्यानं दाखवलं. मी १,८०० रुपये दिले. बिल मागितलं तर म्हणाला, उद्या आणून देतो. तो उद्या काही आला नाही.

मार्चमध्ये यांनी कूलर काढला. जुन्या ताट्या ओढताना पत्र्याची गंजकी कड मनगटाच्या वर लागली आणि चार बोटं लांब चीर पडली. मी डबा उघडला. कापसाचा बोळा जखमेवर ठेवला, तो भिजून तिथेच चिकटला. पट्टीची गुंडाळी जेमतेम बोटभर रुंद होती आणि इतकी विरविरीत की दोन वेढ्यांत लाल झाली. मग त्या माणसानं दाखवल्याप्रमाणे रबरी पट्टा दंडाला बांधला, तर रक्त कमी व्हायच्या ऐवजी जास्तच वाहू लागलं. हात निळसर पडला. माझे पाय लटपटत होते.

समोरच्या ताई निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनी आधी तो पट्टा सोडला. रक्त तपासायला घेताना शीर फुगवण्यासाठी बांधतात, तो हा पट्टा. तो शिरा दाबतो, पण खोलवरच्या धमनीवर त्याचा पुरेसा दाब पडत नाही. त्यामुळे हातात रक्त येत राहतं, परत जायची वाट मात्र बंद होते, आणि ते जखमेतून बाहेर पडतं. ताईंनी धुतलेला सुती पंचा घडी करून जखमेवर ठेवला, तळहातानं घट्ट दाबला, यांचा हात वर धरायला लावला आणि घड्याळ बघून पूर्ण दहा मिनिटं दाब सोडला नाही. मी दोनदा म्हटलं, बघू का थांबलं का? त्यांनी बघू दिलं नाही. उचललं की नुकती धरलेली गुठळी सुटते. पंचा भिजला तेव्हा तो न काढता त्यावरच दुसरा ठेवला. रक्त थांबल्यावर वरून बांधलं आणि नखं दाबून पाहिली. दाबलेलं नख सोडल्यावर लगेच गुलाबी झालं, म्हणजे बांधणं जास्त घट्ट नव्हतं.

दवाखान्यात सहा टाके पडले आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरांना सगळ्यात जास्त वेळ लागला तो माझ्या कापसाचे तंतू जखमेतून वेचायला.

घरी येऊन मी डबा पलंगावर ओतला आणि मोजला. छोट्या चिकटपट्ट्या ५०, सेफ्टी पिना २०, कान कोरायच्या काड्या २०, स्पिरिटचे वाळून कोरडे झालेले चौकोन १०. इथेच १०० झाले. कात्रीनं कापड कापत नव्हतं. 'निर्जंतुक' म्हणून दिलेल्या गॉजच्या पाकिटावर बॅच नंबर नव्हता, मुदतीची तारीख नव्हती, उत्पादकाचा परवाना क्रमांकही नव्हता. खऱ्या पाकिटावर हे तिन्ही छापलेलं असतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायचं ठरवलं, पण हातात ना बिल ना विक्रेत्याचा पत्ता. त्याचा नंबर बंद येत होता.

ताईंसोबत मेडिकलमध्ये जाऊन नवा डबा भरला, तो निम्म्याहून कमी पैशांत झाला. १० सेंटिमीटरच्या निर्जंतुक गॉजची दहा पाकिटं, कारण एका जखमेला थरावर थर लागतात. १० सेंटिमीटर रुंद क्रेप बँडेज दोन. ते ताणलं जातं, म्हणून हात काढल्यावरही दाब टिकवतं. कागदी चिकटपट्टी, हातमोजे, धारदार कात्री. जखम धुवायला नळाचं स्वच्छ पाणी चालतं, त्यासाठी बाटली विकत घ्यावी लागत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी ओआरएसची चार पाकिटं घेतली. लाल डब्यातही संत्र्याच्या चवीची एक पूड होती, पण ते नुसतं साखरेचं सरबत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं आणि ते एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं, अर्धं नाही.

डबा गॅसजवळ किंवा गाडीत ठेवू नका, नागपूरच्या उन्हात चिकटपट्टीचा गोंद सुटतो. जखमेत काच रुतली असेल तर ती ओढू नका, दोन्ही बाजूंनी दाबा. रक्त उसळ्या मारत असेल किंवा दहा मिनिटं दाबूनही थांबत नसेल, तर दाब न सोडता दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

परवा बाजूच्या सोसायटीच्या गेटवर तसाच लाल डबा घेऊन एक मुलगा उभा दिसला. मी त्याच्याकडून गॉजचं पाकीट मागून उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.