‘सील तेच चालतील’ म्हणून विकलेलं फायर रेझिस्टंट तेल

जालन्याच्या एका फर्नेस युनिटची ही फसवणूक. भट्टी कलती करणाऱ्या सिलिंडरजवळ होज फुटून मिनरल ऑइल तापलेल्या लोखंडावर उडालं तर क्षणात पेट घेतं. ही भीती खरीच आहे, आणि विक्रेत्याने तीच धरली. “साहेब, जुनं तेल काढा, हे ओता. आग लागत नाही, पर्यावरणालाही चांगलं, सील तेच चालतील.” बिलावर मात्र फक्त ‘हायड्रॉलिक ऑइल 46’.

माल होता वॉटर ग्लायकॉल, म्हणजे HFC. यात साधारण 35 ते 50 टक्के पाणी असतं आणि आग रोखतं ते हे पाणीच. माल नकली नव्हता, खोटं होतं ते सीलबद्दलचं. पुरावा म्हणून दाखवलेला रिपोर्ट नायट्राइल रबरचा होता. नायट्राइल HFC मध्ये टिकतं, त्यामुळे ओ-रिंग ठणठणीत राहिल्या आणि सगळे निर्धास्त झाले. पण सिलिंडरचे रॉड सील आणि वायपर पॉलियुरेथेनचे होते. गरम पाणी पॉलियुरेथेनच्या रेणूंची साखळी तोडतं. पॉलिएस्टर प्रकाराची तर लवकरच. महिन्याभरात रॉडवरून गळती सुरू झाली. काढलेल्या सीलची ओठासारखी कड नखाने दाबली की तुकडे पडत होते. विक्रेत्याने दोष रॉडच्या ओरखड्यांवर ढकलला. ओरखड्याने सील एका रेषेत कापलं जातं, सगळ्या घेरात भुसभुशीत होत नाही.

दुसरं खोटं ‘काढा आणि ओता’. HFC मध्ये जुनं मिनरल ऑइल 0.1 टक्क्यापेक्षा जास्त राहू नये. सिस्टिम 200 लिटरची धरली तर ही मर्यादा 200 मिली होते, आणि टाकी रिकामी केली तरी पाइप, सिलिंडर नि मॅनिफोल्डमध्ये काही लिटर सहज उरतं. जुन्या तेलातल्या झिंकच्या अॅडिटिव्हचा गाळ होऊन फिल्टर तुंबतो. सगळ्या लाइन सोडून निथळायच्या, नव्या द्रवानेच फ्लशिंग करायचं, वर तरंगणारं तेल काढायचं, मग भरायचं. टाकीचा आतला साधा रंगही सुटतो, तो आधीच खरवडावा.

‘पर्यावरणाला चांगलं’ हा वेगळाच गुण. वनस्पती तेलावरचं HETG जैवविघटनशील असतं, पण तेवढ्याने ते फायर रेझिस्टंट ठरत नाही. फॉस्फेट एस्टर (HFDR) आग रोखतं, पण त्यात नायट्राइलच फुगतं.

म्हणून बिलावर ISO 12922 या मानकातला द्रवाचा वर्ग, म्हणजे HFC की HFDR, लिहून घ्या. सिलिंडरच्या प्रत्येक सीलचं मटेरियल उत्पादकाकडून मागवा. HFC साठी पॉलियुरेथेन काढून नायट्राइल किंवा पीटीएफई बसवावं लागतं. शंका असेल तर नवं सील वजन करून, घट्ट झाकणाच्या बरणीत त्याच द्रवात 60 अंशांवर तीन-चार आठवडे ठेवा. दर आठवड्याला पुसून वजन आणि शोअर कडकपणा मोजा, कड वाकवून बघा. तोवर पूर्ण पैसे देऊ नका.