वॉशिंग सोडा, सात महिन्यांनी: दारं स्वच्छ निघाली, एक हँडल मात्र घालवलं

शेगडीच्या वरच्या दोन कपाटांची दारं लॅमिनेटची. त्यांच्यावरचा तेलाचा थर नुसता चिकट राहिला नव्हता, नख मारलं की पिवळट, मेणचट भुगा निघायचा. भांड्यांच्या साबणाने पुसलं की दार ओलं असेपर्यंत छान दिसायचं, वाळलं की पुन्हा तेच. वाफेबरोबर उडालेलं तेल उष्णतेने आणि हवेने हळूहळू वॉर्निशसारखं कडक होतं. साबण फक्त वरचं ताजं तेल काढतो. कडक झालेला थर तोडायला सोड्यासारखं अल्कधर्मी काहीतरी लागतं, आणि त्यालाही ऊब आणि वेळ द्यावा लागतो.

माझी चूक वेळेचीच होत होती. फवारलं, लगेच घासलं, हात दुखले, थर तिथेच. आता एक लिटर, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात एक मोठा चमचा वॉशिंग सोडा (खाण्याचा नव्हे, तो फार सौम्य) आणि साबणाचे चार थेंब घालते. हातमोजे हवेतच. जुना सुती कपडा त्यात बुडवून घट्ट पिळायचा, दारावर चिकटवायचा आणि वाळू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी दाबायची. दहा मिनिटांनी थर सायीसारखा सुरकुततो आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडला की गोळा होऊन येतो. जाड ओघळांना दुसरा हात द्यावा लागला. नंतर साध्या पाण्याचा कपडा दोनदा, नाहीतर पांढरट डाग राहतात, आणि लगेच कोरडं पुसायचं. ओलं बोट फिरवल्यावर कचकच वाजलं, तर दार स्वच्छ.

कपडा कडेपासून दोन बोटं आत ठेवा. मी एका दाराला खालच्या कडेपर्यंत लावला. तिथली पट्टी आधीच थोडी सुटलेली होती, पाणी आत गेलं आणि आतला बोर्ड फुगला. तो फुगवटा अजून तसाच आहे. तारेची घासणी तर लांबच ठेवा. चकचकीत लॅमिनेटवर तिचे ओरखडे कायमचे राहतात, आणि पुढचं तेल त्यातच जाऊन बसतं.

हँडलचं वेगळंच झालं. स्टीलची चार आतले स्क्रू काढून त्याच पाण्यात वीस मिनिटं बुडवली. खाचांतला काळा चिकटा जुन्या टूथब्रशने निघाला, अगदी नव्यासारखी झाली. त्याच उत्साहात ॲल्युमिनियमचं एकही टाकलं. बुडबुडे आले, मला वाटलं काम जोरात चाललंय. काढलं तर राखाडी आणि डागाळलेलं. सोडा ॲल्युमिनियम खातो, त्याला साबणाचं कोमट पाणीच बरं.

सात महिन्यांत थर पुन्हा कडक झालेला नाही. आठवड्यातून एकदा साबणाचा ओला कपडा पुरतो, कारण ताजं तेल अजून पुसलं जाण्याच्या अवस्थेत असतं. फक्त दाराचा वरचा काठ खालून दिसत नाही म्हणून विसरला जातो. काल स्टुलावर चढून बोट फिरवलं, तर तिथे पुन्हा चिकट लागलं.