दिवसाचा हिशेब: रात्री 12 ला की पहाटे 6 ला?

ठाणे स्टेशनजवळचं 20 खोल्यांचं लॉज घ्या. रात्री 12 ला आपोआप निघणारा रिपोर्ट सांगतो: 13 खोल्या भरल्या, जीएसटी वगळून भाडं 19,500. म्हणजे 65 टक्के, सरासरी 1,500 रुपये. सोय आहे, कुणाला काही करावं लागत नाही.

पण शेवटच्या लोकलनंतर 1,200 च्या दराने आणखी 3 खोल्या जातात. पहाटे 6 ला दिवस बंद केला, तर खरं चित्र दिसतं: 16 खोल्या, 80 टक्के, सरासरी सुमारे 1,444. पहिल्या पद्धतीत या खोल्या पुढच्या तारखेत पडतात. त्याच संध्याकाळी पुन्हा गेल्या, तर दोनदा मोजल्या जातात. भरलेल्या खोल्या 100 टक्क्यांपेक्षा जास्त दिसल्या की कारण बहुधा हेच. म्हणून पहाटेचाच हिशेब धरा. मात्र मॅनेजर दिवस बंद करायला विसरला, तर रिपोर्टमधली तारीख पुढे सरकत नाही.