जर्मनीला पाठवणारी ‘फ्री’ कन्सल्टन्सी आम्हाला 3,92,300 रुपयांना पडली

आधी हिशेब मांडतो, म्हणजे कुणाला अतिशयोक्ती वाटायला नको. पॅकेज 85,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,00,300. प्रवेश अर्जाचं उद्देशपत्र, म्हणजे एसओपी, ‘पॉलिश’ करायचे 12,000. आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे 25,000, ज्याची खरी फी 18,000 आहे. आणि जर्मनीतल्या एका खाजगी विद्यापीठाची आगाऊ रक्कम 2,500 युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने 2,55,000. ‘अ‍ॅडमिशनसाठी सर्व्हिस चार्ज शून्य’ या जाहिरातीखाली हे सगळं झालं.

धंदा कसा चालतो ते तुम्हाला माहीत असेलच: विद्यापीठ एजंटला पहिल्या वर्षाच्या फीवर टक्केवारी देतं. जर्मनीत मात्र यात एक मेख आहे. तिथली बहुतेक सरकारी विद्यापीठं ट्यूशन फीच घेत नाहीत, सेमिस्टरचे साधारण 100 ते 350 युरो भरले की झालं. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्या मुलांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, म्युनिकच्या टीयूएम या सरकारी तांत्रिक विद्यापीठानेही 2024 पासून फी लावली. पण एजंटला कमिशन खाजगीवालेच देतात. 14,000 युरो वार्षिक फीवर 15 टक्के धरले तरी 2,100 युरो. आता सांगा, आपल्या मुलीला आखेनच्या सरकारी विद्यापीठात पाठवण्यात त्याचा काय फायदा?

आमच्या मुलीचा सीजीपीए 7.4. समुपदेशक म्हणाला, ‘सर, पब्लिकला साडेआठ लागतात, शिवाय जर्मन भाषेची बी-टू पातळी.’ दोन्ही थापा. जर्मन गुणांत रूपांतर करायचं सूत्र उघड आहे: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. 10 पैकी 4 ला पास धरलं तर 7.4 चे होतात 2.3; तिथे आकडा जितका कमी तितका चांगला. कितीतरी मास्टर्सना 2.5 पर्यंत चालतं, आणि इंग्रजी माध्यमाच्या अनेक कोर्सेसना जर्मनची अटच नसते. (कोर्सच्या पानावर नेमकी अट लिहिलेली असते. ती वाचा, समुपदेशकाचं तोंड नको.)

पण ज्याचा राग अजून जात नाही ती गोष्ट जुलैतली. सरकारी विद्यापीठांच्या हिवाळी सत्राची मुदत बहुतेक ठिकाणी 15 जुलै, काही ठिकाणी त्याच्याही आधी असते. आमची कागदपत्रं फेब्रुवारीपासून त्यांच्याकडे पडून होती. 18 जुलैला फोन आला: ‘पब्लिकची मुदत गेली, पण एक सीट आहे, शुक्रवारपर्यंत भरलंत तर 1,000 युरो सूट.’ खाजगीत वर्षभर प्रवेश चालू असतात, घाई कसली? तिथेच संशय यायला हवा होता. पण लॉगिन त्यांच्याकडे, ईमेल त्यांनी उघडलेला, मुलीला एकही पत्र थेट येत नव्हतं. अशा वेळी आईबापांनी काय ओळखायचं? आणि त्या घाईत सही घेतलेल्या कागदात ‘हीच संस्था माझी एकमेव प्रतिनिधी’ असं वाक्य होतं. कमिशन पक्कं होतं ते त्या वाक्याने.

पुढच्या आठवड्यात मुलीने, अनेक जर्मन विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या uni-assist च्या `my.uni-assist.de` वर स्वतः खातं उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा कळलं की तिच्या नावाने तिथे एकही अर्ज गेला नव्हता. पहिल्या अर्जाला 75 आणि पुढच्या प्रत्येकाला 30 युरो फी आहे. म्हणजे पाच विद्यापीठांचे 195. एवढंच काम होतं!

आगाऊ रक्कम परत मागितली तर विद्यापीठ म्हणतं, व्हिसा नाकारला तरच. पोलीस ठाण्यात ‘पावती आहे ना, सेवा मिळाली ना, मग हा दिवाणी मामला.’ परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटांना 1983 च्या कायद्याने परवाना लागतो. तो परवाना देणाऱ्या कार्यालयात तक्रार केली तर उत्तर आलं, विद्यार्थी आमच्या कक्षेत नाहीत. एक टेबल दुसऱ्याकडे, दुसरं पहिल्याकडे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद घेतली, क्रमांक दिला, संपलं. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे वकिलाने सांगितलं, कुठल्या खिडकीने नाही.

कन्सल्टन्सी घ्यायचीच असेल तर कोर्स निवडणं, कागद तपासणं आणि व्हिसाची फाइल एवढ्या कामाला 20 ते 40 हजार माझ्या मते रास्त, तेही टप्प्याटप्प्याने. एपीएस, uni-assist, व्हिसा यांची फी स्वतःच्या कार्डावरून भरा. कमिशन कुणाकडून मिळतं ते लेखी मागा, टाळाटाळ झाली की उठा. दिलेलं प्रत्येक नाव `hochschulkompass.de` वर घालून Trägerschaft, म्हणजे संस्था कुणाची आहे ते पाहा: öffentlich-rechtlich म्हणजे सरकारी, privat म्हणजे खाजगी. सगळी खाजगीच निघाली, तर ती यादी मुलासाठी केलेली नाही. कर्ज, विमा, व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच ठेवायचं ब्लॉक्ड अकाउंट यांच्या ‘टाय-अप’वरही त्यांना पैसे मिळतात. आणि ईमेलचा पासवर्ड? तो कुणालाच देऊ नका.