४० शॉर्ट सूट: हिवाळा-उन्हाळा वापरल्यावर

लंडनला नोकरी लागल्यावर ऑफिससाठी रेडिमेड सूट घेतला. आता दोन्ही ऋतू त्यात काढून झालेत. कापड चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. लिहितोय ते मापाबद्दल.

जॅकेटच्या लेबलवर ४० एस आहे. ४० म्हणजे अंगाची छाती, इंचांत: हात खाली सोडून, काखेखालून टेप फिरवून घेतलेली. कोटाची नव्हे. हाच कोट बटण लावून मोजला तर ४४च्या आसपास भरतो, कारण हात पुढे न्यायला तेवढी जागा लागतेच. म्हणून घरचा जुना कोट मोजून तो आकडा दुकानात सांगू नका, ढगळा कोट गळ्यात पडेल. युरोपियन लेबलवर याच छातीला ५० लिहितात. त्यातून १० वजा करायचे.

एस म्हणजे शॉर्ट. इथे साधारण पाच फूट सातपर्यंत शॉर्ट, सहा फुटांपासून लाँग, मधले रेग्युलर. मी पाच फूट सहा. रेग्युलर घेऊन खालून कापून घेऊ, हा आपला नेहमीचा हिशेब, म्हणून दोन्ही घालून पाहिले. शॉर्टची लांबी आणि बाही तर कमी असतेच, शिवाय बटण आणि खिसेही वर घेतलेले असतात. रेग्युलरचं बटण माझ्या बेंबीच्या बरंच खाली येत होतं, आणि खालून कापला असता तर खिसे पार कडेला आले असते. खिसे वर सरकवून कुठलाही शिंपी देत नाही.

खरी डोकेदुखी पॅण्टची. जोडीच्या सूटमध्ये कंबर छातीपेक्षा सहा इंच कमी धरतात, त्याला ड्रॉप म्हणतात. स्लिम कटमध्ये तो सात-आठही असतो. म्हणजे ४० बरोबर ३४ची पॅण्ट. माझी कंबर ३६, पोटाची कृपा! दुकानातल्या पोऱ्याने सरळ ४२चा जोड पुढे केला, कारण त्यात पॅण्ट ३६ची. पण त्याच्या खांद्याची शिवण दंडावर ओघळत होती, आणि खांदा दुरुस्त करणं म्हणजे अर्धा कोट उसवणं. त्यापेक्षा कंबर सैल करणं सोपं. ३४ची पॅण्ट उलटी करून मागची मधली शिवण पाहिली, आत जादा कापड दाबलेलं होतं. शिंप्याने त्यातून दीड इंच सोडलं.

दिवसभर उभं राहायचं असेल तर एवढं पुरतं. जेवून खुर्चीत बसलो की मात्र काचतं, आणि सीटची शिवण मध्यंतरी पुन्हा मारून घ्यावी लागली. जुन्या शिवणीची पुसट रेघ दिसते, पण ती कोटाखाली झाकली जाते.

पुढचा सूट सुटा घेणार: जॅकेट ४० शॉर्ट आणि पॅण्ट ३६ शॉर्ट, तीही एकदम दोन, कारण जॅकेटच्या आधी पॅण्टच झिजते. पॅण्टवरचा शॉर्ट मात्र आतल्या पायाच्या लांबीचा असतो, बहुधा २९ इंच. तो वेगळा मोजून घ्या.